वेस्टर्न महाराष्ट्रातला डब्ल्यू मोठा की लहान?

परदेशी विद्यापीठांत अर्ज करणारी ओळखीपाळखीची मुलं अधूनमधून मला त्यांचे एसओपी, म्हणजे हाच विषय का शिकायचाय हे सांगणारे अर्जासोबतचे निबंध, तपासायला देतात. इंग्रजी बहुतेकांचं चांगलं असतं. गडबड कॅपिटलमध्ये असते, आणि तीही दोनच ठिकाणी: दिशा आणि शाळा-कॉलेजचे विषय. नॉर्थ दिसला की एन मोठा, फिजिक्स दिसलं की पी मोठा. शब्द महत्त्वाचा वाटला की त्याला मोठं अक्षर देऊन मान द्यायचा, अशी एक समजूत आपल्याकडे पक्की आहे. देवनागरीत ही भानगडच नाही, त्यामुळे ही समजूत मोडायचा प्रसंग शाळेत कधी येत नाही. इंग्रजीत कॅपिटल मानासाठी नसतं, नावासाठी असतं. प्रश्न एवढाच, की नाव कुठे सुरू होतं?

दिशांसाठी मी मुलांना एक कसोटी सांगतो. तुम्ही उभे आहात ती जागा बदलली तर शब्द बदलतो का ते बघा. समजा मुलाने लिहिलंय की माझं गाव कोल्हापूरच्या नॉर्थला आहे. तेच गाव सांगलीहून बघितलं तर वेस्टला येतं. म्हणजे इथे नॉर्थ हे नाव नाही, नुसतं बोट दाखवणं आहे. एन लहान. वारा साउथवरून येतो, रस्ता ईस्टला वळतो, सगळं लहान. उलट साउथ आफ्रिका कुठूनही बघा, साउथ आफ्रिकाच राहते. ते देशाचं नाव आहे. नॉर्थ गोवा हे जिल्ह्याचं नाव, मुंबई नॉर्थ हे लोकसभा मतदारसंघाचं नाव, अंधेरी ईस्ट हा पत्त्याचा भाग. या सगळ्यांना कॅपिटल. जळगावच्या विद्यापीठाच्या नावात नॉर्थ महाराष्ट्र आहे, तिथेही अर्थातच एन मोठा. (एन, एसडब्ल्यू असं आद्याक्षरांत लिहिलंत तर मात्र ती नेहमी मोठीच. नकाशावर लहान एन कुणी काढत नाही.)

इथपर्यंत सोपं आहे. खरी मजा पुढे आहे, जिथे ही कसोटी पुरत नाही.

नॉर्दर्न आयर्लंड घ्या. एन मोठा असेल तर तो 1921 पासूनचा एक राजकीय घटक आहे, युनायटेड किंगडमचा भाग. एन लहान केला तर अर्थ होतो आयर्लंड बेटाचा उत्तरेकडचा भाग. आणि या बेटाचं उत्तर टोक, मॅलिन हेड, आहे डोनेगल काउंटीत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात! दक्षिणेचा म्हणवला जाणारा देश तिथे नॉर्दर्न आयर्लंडपेक्षाही वर जातो. एक अक्षर लहान-मोठं केलं की आपण दुसऱ्या देशात जाऊन पोचतो. युरोपबद्दलही तसंच. भूगोल सांगायचा असेल तर इस्टर्न युरोपमधला पहिला ई लहान ठेवतात, पण दुसऱ्या महायुद्धानंतरची राजकीय फाळणी अभिप्रेत असेल तर तो मोठा करावा, असं शिकागोची शैलीपुस्तिका सांगते. नकाशावरची जागा जवळपास तीच, अर्थ निराळा.

आता हेच घरी आणू. वेस्टर्न महाराष्ट्र. बरीच वृत्तपत्रं यातला डब्ल्यू लहान ठेवतात, कारण ते कुठल्या सरकारी घटकाचं नाव नाही, आणि शंका असेल तर लहान अक्षर, हा संपादकांचा जुना नेम आहे. माझं इथे जुळत नाही. डब्ल्यू लहान म्हणजे महाराष्ट्राचा पश्चिमेकडचा भाग. तो कुठला? नकाशा उघडा. सगळ्यात पश्चिमेला आहे कोकण. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची किनारपट्टी. आणि आपण मराठी माणसं पश्चिम महाराष्ट्र म्हणतो तेव्हा नेमकं कोकणच त्यात धरत नाही. आपल्याला म्हणायचं असतं पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर. यातलं सोलापूर तर पार मराठवाड्याला लागून आहे, त्याला पश्चिमेचं म्हणताना भूगोलाच्या मास्तरांना घाम फुटेल. म्हणजे हा शब्द दिशा सांगतच नाही. साखर कारखाने, सहकार, राजकारण, बोलण्याची ढब असं सगळं मिळून झालेल्या एका प्रदेशाचं ते नाव आहे. नाव आहे तर कॅपिटल द्या. लहान अक्षर दिलंत तर रत्नागिरीचा माणूस विचारेल, मग आम्ही काय पूर्वेला?

म्हणून माझी दुसरी कसोटी अशी: शब्द अक्षरशः दिशा म्हणून घेतला तर वाक्य खोटं पडतं का? पडत असेल तर ते नाव झालेलं आहे. मात्र एखाद्या मुलाने महाराष्ट्राच्या पश्चिम भागात पाऊस जास्त पडतो असं लिहिलं, तर तिथे दिशाच अभिप्रेत आहे, कोकणासकट. तिथे डब्ल्यू लहान.

विषयांचं प्रकरण त्यामानाने छोटं आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथेमॅटिक्स, हिस्टरी, इकॉनॉमिक्स ही ज्ञानशाखांची सामान्यनामं. वाक्यात आली तर लहान अक्षर. इंग्लिश, मराठी, संस्कृत, जर्मन ही भाषांची नावं, ती विशेषनामं, म्हणून कॅपिटल. त्यामुळे बारावीला फिजिक्स, मॅथेमॅटिक्स आणि इंग्लिश घेतलं या वाक्यात तीन विषयांपैकी फक्त इंग्लिशचा ई मोठा येतो, आणि मुलांना तो पक्षपात वाटतो. एकाने तर मला विचारलं, की इंग्रजांनी स्वतःच्याच विषयाला तेवढा मान दिलाय का? मी म्हटलं, अरे, मराठीलाही दिलाय की.

पण हाच विषय एखाद्या अभ्यासक्रमाचं किंवा पेपरचं छापील नाव म्हणून आला की चित्र बदलतं. आपल्या बारावीच्या बोर्डात मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स या नावाचा विषय आहे, कॉमर्सला सेक्रेटेरियल प्रॅक्टिस आहे. गुणपत्रिकेवरचं ते नाव जसंच्या तसं सांगताय, तर मोठी अक्षरं ठेवा. मला स्टॅटिस्टिक्सची आवड लागली असं लिहिताय, तर एस लहान. डिपार्टमेंट ऑफ फिजिक्स हे विभागाचं अधिकृत नाव, तिथे पी मोठा. तिथल्या फिजिक्सच्या मास्तरांनी मला घडवलं, यात तो लहान. रेझ्युमेच्या तक्त्यात विषय एकाखाली एक मांडले असतील तर प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं चालतं, कारण तिथे ते वाक्यात नाहीत.

एसओपीत खटकतं ते एकाच परिच्छेदात दोन्ही प्रकार आले की. वरच्या ओळीत केमिस्ट्रीचा सी मोठा, खालच्या ओळीत लहान. वाचणाऱ्या प्राध्यापकाला नियम आठवो न आठवो, हा विस्कळीतपणा दिसतोच. विद्यापीठाने स्वतःची शैलीपुस्तिका दिली असेल तर तीच मानायची, माझ्या वेस्टर्न महाराष्ट्राचा डब्ल्यू तिथे लहान झाला तरी. मी दोन शिव्या घालेन आणि गप्प बसेन.

एका ठिकाणी मात्र मी वाद घालत नाही: जमिनीचे इंग्रजी दस्त. चतुःसीमेत ऑन ऑर टुवर्ड्स द नॉर्थ असं लिहिताना वकील हमखास एन मोठा करतात, चारही दिशांना. वर सांगितलेल्या कसोटीने ते चूक आहे, कारण ती निव्वळ दिशा आहे. पण शेजारच्या गट नंबरची हद्द कुठे लागते हे त्यातून बरोबर कळतं, आणि कॅपिटलवरून दस्ताची नोंदणी अडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.