विषय: २० मिनिटं पाहिजेत

नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत एका ठोक दुकानाचे हिशेब मी बघतो. हिशेबासोबत शेठची ई-मेलही मीच उघडतो, कारण शेठला चष्मा सापडत नाही, आणि चष्मा सापडला की पासवर्ड सापडत नाही. त्यामुळे धंद्यात नवी पडलेली माणसं जुन्या धंदेवाल्याला काय काय लिहितात, याचा माझा अभ्यास दांडगा आहे. "सर, मला व्यवसायाबद्दल मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती." बस्स. कोणता व्यवसाय, ते नाही. अडलंय कुठे, ते नाही. एकाने तर 'आदरणीय'च्या पुढे समोरच्या दुकानातल्या शेठचं नाव तसंच राहू दिलं होतं. ते पत्र मात्र आमच्या शेठने शेवटपर्यंत ऐकलं, समोरच्याची किती तारीफ केली आहे ते कळावं म्हणून.

ही कीर्ती घरापर्यंत पोचली आणि ताईचा फोन आला. "तुह्या भाचीले एक मेल लिहाची हाय. येऊन जा रविवारी. तर्री पोहे करतो."

भाची नंदनवनात घरच्या घरी सावजी मसाला करते. शंभर ग्रॅमची पाकिटं, चार दुकानांत ठेवलेली. मसाला फक्कड. पण दीड-दोन महिन्यांत पाकिटात गोळे धरतात, वास बसतो आणि दुकानदार "घेऊन जा बाई तुमचा माल" म्हणतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका मॅडमचा मसाल्याचा कारखाना आहे, पंचवीस वर्षं जुना. त्यांनी आपल्याला हाताशी धरावं, अशी पोरीची इच्छा. इच्छा रास्त होती. मसुदा मात्र अडीच पानांचा होता.

"सर्वप्रथम आपणांस सादर प्रणाम. आपल्यासारख्या कर्तृत्ववान व्यक्तिमत्त्वाचा अमूल्य वेळ घेत आहे याबद्दल क्षमस्व." मी म्हटलं, बाई, फोनवर मेल येते तेव्हा पडद्यावर फक्त विषय आणि पहिली ओळ दिसते. मॅडम गिरणीच्या आवाजात उभ्या राहून, अंगठ्याने वर ढकलत बघणार. त्या एका ओळीत तुझा प्रणाम दिसला तर त्यांना वाटेल वर्गणी मागायला आलेत.

विषयाच्या जागी तिने लिहिलं होतं, 'विनंती'. आमच्या शेठकडे या नावाच्या मेली इतक्या साचल्या आहेत की त्यांची वेगळी वही घालावी लागेल.

तेवढ्यात भाऊजी बनियनवर बाहेर आले आणि खुर्ची ओढून बसले. भाऊजी निवृत्त आहेत, म्हणजे आता पूर्णवेळ सल्लागार आहेत. "आधी आपला परिचय टाक. आजोबा मालगुजाराकडे दिवाणजी होते, ते टाक."

"मसाल्याच्या गोळ्यांशी दिवाणजीचा काय संबंध जी?"

"खानदान समजते ना बाप्पा!"

मग ते म्हणाले, आमदाराच्या पीएला सीसी ठेव, म्हणजे वजन पडते. मग म्हणाले, एकालाच कशाला, पंधरा कारखानदारांना एकदमच पाठव, एखादा तरी लागेल गळाला. हा सल्ला घरोघरी दिला जातो, म्हणून सांगतो. पंधरा जणांना चालेल असं पत्र लिहायचं म्हणजे एकट्यालाच लागू पडणारा मजकूर आधी काढून टाकावा लागतो. मग उरतं ते 'मार्गदर्शन करावे'. ज्याला पत्र येतं त्याला पहिल्या दोन ओळींत कळतं की हे आपल्यासाठी नाही. आणि सीसीत आमदाराचा पीए दिसला की मॅडमना मदत मागितल्यासारखं नाही, नोटीस आल्यासारखं वाटणार.

ताईचं वेगळंच. "त्यायले विचार ना, मिर्ची कोणाकून घेता? भिवापुरी घेता का गुंटूर? धने कितीने पडते?" ताईला मी हात जोडले. आमच्या ओळीत शेजारी-शेजारी दुकानं असलेले सख्खे भाऊ एकमेकांना खरेदीचा भाव सांगत नाहीत. अनोळखी माणसाने पहिल्याच पत्रात माल कुठून घेता आणि कितीने घेता हे विचारलं, की जुना धंदेवाला पत्र मिटतो.

पोरीच्या मसुद्यात एकूण नऊ प्रश्न होते. अन्न परवान्याचा अर्ज कसा करावा, हा पहिला. तो मी काढला, कारण तो अर्ज सरकारच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर भरायचा असतो आणि तिथे सगळं लिहिलेलं आहे. जे स्वतः शोधून सापडतं ते विचारलं, तर समोरच्याला वाटतं ही शोधणारच नाही. ब्रँडचं नाव कसं आहे, हा प्रश्न काढला, कारण त्यावर प्रत्येकाचं मत असतं आणि कुणाचंच कामाचं नसतं. निर्यात कशी करावी, हाही होता. पोरीचा माल अजून शेजारचा वाठोडा ओलांडून गेलेला नाही.

उरला गोळ्यांचा. तो प्रश्न खरा, कारण त्याचं उत्तर पुस्तकात अर्धंच मिळतं. सावजी मसाल्यात सुकं खोबरं आणि खसखस भाजून घालतात, म्हणजे अंगचं तेल आलंच. तेलाला हवा आणि उजेड लागला की ते खवट होतं. वर ओल शिरली की गोळे. आता ओल कुठून शिरते, पाकिटातून, सीलमधून की मसाल्यातूनच, हे हजारो पाकिटं परत आलेली पाहिलेला माणूसच नेमकं सांगू शकतो. पंचवीस वर्षांचा अनुभव इथे खर्चावा, ब्रँडच्या नावावर नाही.

भाऊजी म्हणाले, "पण त्या कायले सांगतीन? त्यायच्याच धंद्यात उतरून राहिली पोट्टी." शंका बरोबर होती, पण मी ती आधीच तपासली होती. मॅडम हळद, तिखट, धनेपूड विकतात. सावजी मसाला करत नाहीत. म्हणजे ओल आणि तेलाची भानगड तीच, गिऱ्हाईक वेगळं. एकाच दुकानाच्या एकाच फळीवर तुमच्याशेजारी ज्याचं पाकीट उभं असतं, त्याला गुरू करू नये. तो शिकवेल, पण उशिरा शिकवेल.

पोरगी लगेच पाठवायला निघाली. महिना एप्रिल. मी फोन हातातून काढून घेतला. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचं तिखट भरतात. या दिवसांत मसालेवाल्याला जेवायची फुरसत नसते, तर मेल कुठली. पाऊस लागू दे, म्हटलं. आणि तेव्हाही महिन्याची वीस तारीख टाळ, त्या दिवशी जीएसटीचं विवरण भरायचं असतं आणि धंदेवाला कुणाशीच धड बोलत नाही. मधल्या काळात एक काम दिलं. मॅडमचं शंभर ग्रॅमचं पाकीट विकत आण, सापडेल तितकं जुनं. आपलं पाकीट त्याच्याशेजारी ठेव आणि बघ.

पाऊस लागल्यावर जी मेल गेली ती अशी:

> विषय: सावजी मसाल्याच्या पाकिटात गोळे धरतात, २० मिनिटं पाहिजेत
>
> नमस्कार मॅडम,
>
> मी नंदनवनात घरी सावजी मसाला करते. महिन्याला ४० किलो, १०० ग्रॅमची पाकिटं, चार दुकानांत. मागच्या खेपेच्या ६० पाकिटांपैकी ११ परत आली. दीड महिन्यात गोळे धरले आणि खोबऱ्याचा खवट वास आला.
>
> तुमचं धनेपुडीचं सहा महिने जुनं पाकीट मी विकत घेतलं. ते आजही मोकळं आहे आणि वास टिकून आहे. माझं पाकीट साधं पारदर्शक आहे. मी जाड पाकीट वापरून पाहिलं, गोळे तरीही धरले.
>
> माझा एकच प्रश्न आहे: चूक पाकिटात आहे, सीलमध्ये आहे की भरायच्या पद्धतीत, हे कसं ओळखायचं? तुमच्या सोयीने कारखान्यात येऊन २० मिनिटं बोलता येईल का? उपयोग झाला, तर पुढचे तीन महिने महिन्यातून एकदा, एकेक प्रश्न विचारू द्यावा.
>
> कृती किंवा माल कुठून घेता हे विचारणार नाही. जमत नसेल तर तसं कळवलं तरी चालेल.

खाली नाव आणि फोन नंबर. सोबत गोळ्यांचा एकच फोटो. भाऊजींना पूजेचा व्हिडिओही जोडायचा होता. तो मी जोडू दिला नाही, त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं.

'तीन महिने' मी मुद्दाम घातलं. "आयुष्यभर आपला हात डोक्यावर असू द्यावा" असं वाचलं की समोरचा घाबरतो. आयुष्यभराचं त्याच्या घरच्यांचंच पुष्कळ असतं. संपणारी गोष्ट माणूस सुरू करतो.

आठवडा गेला, उत्तर नाही. ताई म्हणाली, रोज एक पाठव, कटाळून तरी उत्तर देतीन. मी दहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळी लिहायला सांगितल्या: "वरची मेल पुन्हा नजरेस आणते आहे. यानंतर त्रास देणार नाही." आमच्या शेठच्या डब्यातही कामाच्या मेली कधी खाली सरकतात, एकदा वर आणण्यात लाज नाही. दुसऱ्यांदा आणली की ती वसुली होते.

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. "गुरुवारी ४ वाजता. तुमची परत आलेली पाकिटं फोडू नका, तशीच आणा. एकटीच या."

पोरीने नंतर सगळं सांगितलं. मॅडमनी चहा विचारला नाही, पाण्याची बादली मागवली. परत आलेलं पाकीट पाण्याखाली धरून दोन्ही हातांनी दाबलं. सीलच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची रांग निघाली. दुसरं घेतलं, त्यातूनही. मग विचारलं, भाजल्यावर किती वेळाने भरता? पोरगी म्हणाली, तासाभरात, वास उडू नये म्हणून. मॅडम म्हणाल्या, मसाला वरून गार लागतो, पोटात गरम असतो. बंद पाकिटात त्याचाच घाम सुटतो. परातीत पसरा, झाका आणि रात्रभर राहू द्या. सीलच्या जागी भुकटी लागली तर सील धरत नाही, तोंड पुसून मगच मशीन दाबा. पाकीट बदला, आतून चंदेरी थर असलेलं घ्या, पण ते शेवटी. आधीची दोन कामं फुकटात होतात.

वीस मिनिटांची पंचेचाळीस झाली, ती मॅडमनीच केली. निघताना म्हणाल्या, पुढच्या महिन्यात तीन ओळी लिहा: काय केलं, किती पाकिटं परत आली, पुढचा प्रश्न काय.

'एकटीच या' हे भाऊजींनी अक्षरशः पाळलं. ते गेटच्या आत गेले नाहीत. बाहेर टपरीवर बसून त्यांनी कारखान्याच्या वॉचमनला दिवाणजी आजोबांची पूर्ण कथा सांगितली. आता त्या वॉचमनच्या पोराला फरसाणचा धंदा टाकायचा आहे, आणि भाऊजींनी त्याला माझा नंबर दिला आहे.