ईएमडीआरमध्ये बोटाचं श्रेय किती?

"तुमचा ईएमडीआरवरचा लेख वाचला. 'डोळ्यांच्या हालचालीमुळे आघाताची आठवण बोथट होते' हे वाक्य तुम्ही सिद्ध झाल्यासारखं लिहिलंय. शपिरोंच्या पहिल्या अभ्यासात मोजकी माणसं होती, आणि उपचारही त्यांचे, मोजमापही त्यांचंच. मला तर हे नेहमीचं एक्स्पोजर वाटतं, वर बोट फिरवण्याची भर. पुढच्या आठवड्यात जर्नल क्लबमध्ये मला हाच विषय मांडायचाय. आठ टप्प्यांपैकी नेमकं काय काम करतं, याला पुरावा आहे का?"
— मनोविकार विभागातली निवासी डॉक्टर

इतर वाचकांसाठी आधी एका ओळीत: ईएमडीआर ही फ्रान्सिन शपिरोंनी मांडलेली आठ टप्प्यांची थेरपी, जिच्यात आघाताची आठवण मनात धरून डोळ्यांनी हलत्या बोटांचा पाठलाग करायचा असतो; एक्स्पोजर म्हणजे ती आठवण न टाळता तिला पुन्हा पुन्हा सामोरं जाणं. डॉक्टर, ते वाक्य मी आजच बदललं. 'डोळ्यांच्या हालचालीमुळे' खोडून 'ईएमडीआरच्या सत्रांनंतर' असं केलंय. तुम्ही बोट ठेवलंत ती चूक खरीच होती. पण 'नेहमीचं एक्स्पोजर' हे मला पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर सत्राच्या खोलीत थोडा वेळ बसावं लागेल.

शिकवताना मी एक बेतलेलं उदाहरण घेतो. 34 वर्षांचा टेम्पोचालक. पावसात घाट उतरताना दुचाकीला धडक बसली आणि दुचाकीवरचा मुलगा जागीच गेला. त्याला आता 5 महिने झालेत. झोप नाही, ओल्या डांबराचा वास आला की छाती धडधडते, टेम्पोला हात लावत नाही. पहिल्या टप्प्यात त्याचा सगळा इतिहास घ्यायचा आणि कुठल्या आठवणीवर काम करायचं ते ठरवायचं. दुसरा टप्पा तयारीचा: मन शांत होईल अशी एखादी जागा डोळ्यांसमोर आणायला शिकवायचं, आणि थांबावंसं वाटलं तर हात वर करायचा, हे ठरवून ठेवायचं. बोलता बोलता हा माणूस हरवल्यासारखा होतो का, आपण कुठे बसलोय याचं भान सुटतं का, हे इथेच तपासून घ्यायचं. घाईत हा टप्पा उरकला तर पुढे चौथ्यात निस्तरावं लागतं.

तिसऱ्या टप्प्यात आठवणीचं सगळ्यात बोचरं दृश्य निवडतात. आपला चालक म्हणतो, "हेल्मेट. रस्त्यावर गोल गोल फिरत होतं." त्या दृश्याबरोबर स्वतःबद्दल काय वाटतं? "मी खुनी आहे." त्याऐवजी काय वाटायला हवं? "जे हातात होतं ते मी केलं." हे दुसरं वाक्य आत्ता किती खरं वाटतं, ते 1 ते 7 च्या मापावर विचारायचं, तो 2 म्हणतो. त्रास किती, ते 0 ते 10 वर. तो 9 म्हणतो. शरीरात कुठे जाणवतं? तो छातीवर हात ठेवतो.

मग चौथा टप्पा. थेरपिस्टची खुर्ची बरोबर समोर नसते, थोडी बाजूला सरकवलेली असते. दृश्य, ते वाक्य आणि छातीतली जाणीव एकदम मनात धरायची आणि डोळ्यांनी थेरपिस्टच्या दोन बोटांचा पाठलाग करायचा. साधारण 24 फेऱ्या, म्हणजे अर्धा मिनिट वगैरे. "सोडून द्या. श्वास घ्या. आता काय येतंय?" तो म्हणतो, "लोक ओरडताहेत." थेरपिस्ट त्यावर काही बोलत नाही, अर्थ लावत नाही. "त्याच्याबरोबर राहा," एवढंच म्हणून पुन्हा बोटं हलतात. असे चार-पाच संच झाल्यावर तो एकदम म्हणतो, "धाकटा भाऊ विहिरीत पडला होता, तेव्हाही मीच जवळ होतो." थेरपिस्ट त्याला ओढून अपघाताकडे आणत नाही, तिथेही जाऊ देतो.

एक्स्पोजरपासून हे वेगळं पडतं ते इथे. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये रुग्ण तीच आठवण वर्तमानकाळात, तपशीलवार, बराच वेळ सलग सांगतो, आणि घरी रोज तिचं रेकॉर्डिंग ऐकतो. भरकटला तर परत आणायचं, कारण भरकटणं म्हणजे टाळणं. इथे आठवण अर्ध्या मिनिटात सोडून द्यायला सांगतात, भरकटायला मोकळीक असते आणि गृहपाठ जवळपास नसतोच. सवयीने भीती ओसरते हा जुना हिशोब लावला, तर अशा तुटक एक्स्पोजरने गुण कमी यायला हवा. तसं दिसत नाही. म्हणून 'तेच, वर बोट' हे उत्तर मला अपुरं वाटतं. अर्थात यातून बोटाला श्रेय मिळतं असंही नाही, त्याकडे येतोच.

उरलेले टप्पे थोडक्यात. पाचव्यात चांगलं वाक्य दृश्याशी जोडतात, सहाव्यात डोक्यापासून पायांपर्यंत शरीरात ताण उरलाय का ते बघतात, सातव्यात सत्र नीट मिटवतात, आणि आठवा टप्पा पुढच्या भेटीच्या सुरुवातीला येतो, तेव्हा त्रासाचा तोच आकडा पुन्हा विचारायचा. आपला चालक 9 वरून 1 वर येतो आणि तिथेच थांबतो. "शून्य कसं होईल? पोरगं गेलंय." हा 1 मान्य करायचा असतो.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या घसरणीची. दोन-तीन संचांतच 9 चा 2 होतो, चेहरा कोरा, आवाज सपाट, विचारलं की "काही नाही, बरं वाटतंय." कधी तो थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून म्हणतो, कधी मनाने खोलीतून निघूनच गेलेला असतो. ओळखायचं कसं? पुढच्या भेटीत आकडा परत 8 असतो, आणि टेम्पो दारातच उभा असतो. आकडा उतरला पण वागणं हललं नाही, तर तो आकडा खरा धरू नये.

हे लांबण लावलं कारण शपिरोंच्या 1989 च्या अभ्यासावरचा तुमचा आक्षेप याच आकड्याला लागतो. 22 जण, एक सत्र, आणि मुख्य मोजमाप म्हणजे ज्यांनी उपचार केले त्यांनीच विचारलेला 0 ते 10 चा त्रास. तुलनेच्या गटाने आठवणीचं फक्त वर्णन केलं होतं. अशा मांडणीतून उपचार आणि अपेक्षा वेगळ्या काढता येत नाहीत. तुम्ही त्या अभ्यासाला पुरावा न मानता सुरुवात म्हणा; मीही आता तेच म्हणतो.

पुढचे अभ्यास वाचताना एकच प्रश्न हातात धरा: तुलना कशाशी केलीय? प्रतीक्षायादीशी केली, तर अख्खं पॅकेज उपयोगी आहे का एवढंच कळतं. दुसऱ्या थेरपीशी केली, तर ते वरचढ आहे का ते कळतं. बोटाचं श्रेय फक्त त्या अभ्यासांत कळतं, जिथे दोन्हीकडे सगळं तेच आहे आणि डोळे तेवढे वेगळे.

पहिल्या दोन तुलनांसाठी कौपर्स आणि सहकाऱ्यांचं 2020 चं मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेला हिशोब, पुरेल. पीटीएसडीमध्ये, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकारात, उपचार न मिळालेल्या किंवा तत्सम गटांच्या तुलनेत परिणामाचं प्रमाणित माप 0.93 इतकं मोठं निघालं. पण त्या 27 अभ्यासांपैकी पूर्वग्रहाचा धोका कमी असलेले अवघे 4, आणि नकारात्मक निकाल छापले गेले नसावेत अशी चिन्हंही दिसली. इतर थेरपींपेक्षा ईएमडीआर थोडं पुढे दिसलं, पण फक्त चांगल्या दर्जाचे अभ्यास घेतले तर ती आघाडी गेली. म्हणून मी एवढंच म्हणेन की पॅकेज काम करतं आणि इतर आघात-केंद्रित थेरपींच्या पंक्तीला बसतं. मार्गदर्शक सूचनांची भाषाही सारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये शिफारस केली, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2018 मध्ये युद्धाशी संबंध नसलेल्या आघातापुरती, तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2017 मध्ये सशर्त.

आता बोट. डेव्हिडसन आणि पार्कर यांना 2001 मध्ये डोळ्यांच्या हालचालीची वेगळी भर सापडली नाही. ली आणि कौपर्स यांना 2013 मध्ये सापडली: रुग्णांवरच्या 15 अभ्यासांत 0.41, प्रयोगशाळेतल्या 11 अभ्यासांत 0.74. दुसरा आकडा मोठा आहे, पण प्रयोगशाळेत बहुतेकदा निरोगी माणसं एखादी नकोशी आठवण मनात आणतात आणि लगेच ती किती ठळक वाटते ते सांगतात. ते पीटीएसडीपासून फार दूर आहे.

जर्नल क्लबला तुम्ही एकच पेपर घेणार असाल तर सॅक आणि सहकाऱ्यांचा 2016 चा घ्या. जर्मनीतले 139 रुग्ण, तीन गट. तिन्हींमध्ये बाकी पद्धत ईएमडीआरची. पहिल्या गटाने हलणाऱ्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याने स्थिर हाताकडे नजर लावली, तिसऱ्याला नजर कुठे ठेवायची ते सांगितलंच नाही. तिन्ही गट सुधारले. पहिल्या आणि दुसऱ्यात फरक आढळला नाही, आणि ते दोन्ही तिसऱ्यापेक्षा सरस ठरले.

हा निकाल तुम्हाला निम्मा पाठिंबा देतो आणि मला निम्मा. हालचाल गरजेची ठरली नाही. पण आठवण मनात असताना लक्षाचा एक धागा बाहेर बांधलेला असणं उपयोगी ठरलं, आणि नुसतं एक्स्पोजर मागे पडलं. कार्यकारी स्मृतीचा सिद्धांत इथे बसतो: आत्ता मनात जे धरलंय ते सांभाळणारी ही जागा मर्यादित असते, दुसरं काम तिच्यात शिरलं की आठवणीचा ठळकपणा कमी होतो. प्रयोगशाळेत उभ्या हालचालीनेही आडव्याइतकाच परिणाम झालाय, त्यामुळे 'मेंदूचे दोन अर्ध एकत्र येतात' हे स्पष्टीकरण मी तरी स्लाइडवर ठेवणार नाही. मात्र एक सावधगिरी हवी. गटात सरासरी 46 जण असताना फरक न दिसणं म्हणजे दोन्ही सारखेच असल्याचं सिद्ध होणं नव्हे. छोटा फरक एवढ्या संख्येत निसटू शकतो.

टप्प्यांबद्दल विचारलंत, तर सुटं करून पाहणारे बहुतेक अभ्यास चौथ्याभोवतीच फिरतात. कुसॅक आणि स्पेट्स यांनी 1999 मध्ये विचार बदलण्याचा भाग, म्हणजे मुख्यतः पाचवा टप्पा, काढून पाहिला. त्या भागासह आणि त्याविना, दोन्ही गट सारखेच सुधारले. अभ्यास लहान आहे, पण तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो.

सॅक यांचा पेपर मांडाल तेव्हा निकालाच्या तक्त्याआधी तिसऱ्या गटाचं वर्णन मोठ्याने वाचून दाखवा आणि वर्गाला विचारा: नजर मोकळी असलेला रुग्ण त्या अर्ध्या मिनिटात काय करत असेल? डोळे मिटून आठवणीत बुडाला असेल, की खिडकीबाहेर बघत तिच्यापासून पळाला असेल? तो गट मागे का पडला याचं उत्तर या दोन शक्यतांमध्ये बदलतं, आणि तुमच्या आक्षेपाचं वजनही. तिथे काय चर्चा झाली ते इथे नक्की लिहा.