तासभर टेबल सांभाळायला सांगायचं असेल तर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत डिस्पॅचच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला दुपारी तासभर बाहेर पडायचं असलं की गेटपास मिळवणं सोपं वाटतं, पण शेजारच्याला "माझा फोन बघता का?" म्हणून विचारणं जिवावर येतं. गेटपासला कागद असतो, साहेबांची सही झाली की विषय संपतो. शेजारच्याच्या उपकाराची नोंद मात्र त्याच्या डोक्यात राहते. मग तीन महिन्यांनी एखाद्या शनिवारी ती बाहेर येते: "तेव्हा मी तुमचं बघितलं होतं ना, आता माझं आजचं अख्खं बघा."

यावर आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत बरीच चर्चा होते आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, की कुणाचे उपकार घेऊच नयेत. मला ते पटत नाही. आठ-नऊ तास एका छताखाली बसणाऱ्या माणसांनी एकमेकांचा फोन उचलायचा नाही, तर काय सगळ्यांनी तहानभूक बांधून बसायचं? माझं मत असं, की कुणाला तास जड जात नाही. जड जातं ते त्या तासात दुसऱ्याच्या वतीने काहीतरी ठरवावं लागणं. आणि ते टाळणं सर्वस्वी मागणाऱ्याच्या हातात असतं.

उदाहरण माझ्याच टेबलाचं देते. मुलाच्या शाळेत दुपारी साडेतीनला पालकसभा, शाळा इंदिरानगरला. म्हणजे तीन-दहाला निघायचं आणि सव्वाचारपर्यंत परत यायचं. त्याच वेळात चाकणला जाणारी एक गाडी लागणार. बिल तयार, माल पॅक झालेला, पण गाडीचा नंबर ट्रान्सपोर्टवाल्याने अजून कळवलेला नाही.

इथे बहुतेक जण काय करतात? पर्चेसमधल्या ताईंना लॉगिन-पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतात आणि "गाडी आली की नंबर टाकून ई-वे बिल काढा" म्हणून पळतात. यात तीन गोंधळ आहेत. पहिला, १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या, म्हणजे माल रस्त्याने न्यायला लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याच्या पोर्टलवर सगळ्यांनाच ओटीपी लागतो, आणि तो ज्याचं लॉगिन त्याच्या मोबाइलवर येतो. म्हणजे तुम्ही पालकसभेत बाईंसमोर बसलेले असताना ताईंचा फोन येणार: "अगं, ओटीपी सांग लवकर, ड्रायव्हर डोक्यावर बसलाय." दुसरा, नंबर चुकीचा पडला तर नोंद तुमच्या लॉगिनवर आणि घोर ताईंच्या जिवाला. तिसरा, पासवर्ड एकदा दिला की तो परत घेता येत नाही. बदलला तर ताईंना वाटतं विश्वास नाही, नाही बदलला तर तुमची झोप जाते. ज्यांच्याकडे नेहमीच दोघांना पोर्टल वापरावं लागतं, त्यांनी मुख्य लॉगिनमधून सब-युजर काढून घ्यावा. त्या माणसाला त्याचं स्वतःचं लॉगिन मिळतं आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. पण एका तासासाठी तेवढाही खटाटोप नको.

करायचं ते जाण्याआधी. ई-वे बिलाचे दोन भाग असतात: भाग अ मध्ये बिलाचा, मालाचा तपशील आणि भाग ब मध्ये गाडीचा नंबर. भाग अ भरताना ट्रान्सपोर्टरचा आयडी टाकला, तर भाग ब ट्रान्सपोर्टवाला त्याच्या लॉगिनमधून स्वतः भरू शकतो. नुसता भाग अ भरून ठेवला तर तो पंधरा दिवस चालतो, त्यामुळे घाईचा प्रश्न नाही. फक्त भाग ब भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मी अडीच वाजता भाग अ भरला, ट्रान्सपोर्टवाल्या भाऊंना फोन केला की आज नंबर तुम्हीच टाका आणि पूर्ण झालेल्या ई-वे बिलाची प्रिंट ड्रायव्हरच्या हातात द्या. बिलाच्या प्रती सही-शिक्का मारून पाकिटात घातल्या आणि पाकीट ताईंच्या टेबलावर ठेवलं.

आता ताईंकडे उरलं काय? ड्रायव्हर आला की त्याच्या हातातल्या प्रिंटवर गाडीचा नंबर आहे का ते बघायचं, असला तर पाकीट द्यायचं. नसला तर पाकीट द्यायचं नाही, गाडी गेटवर थांबेल. झालं. यात ठरवायला काहीच नाही.

फोनचंही तसंच. माझ्याकडे कंपनीचा हँडसेट आहे, तो चार्जरसकट ताईंकडे ठेवला. ज्यांचा स्वतःचाच मोबाइल ऑफिसच्या कामाला चालतो, ते कॉल फॉरवर्ड करतात, आणि तिथे एक गोष्ट बघितली पाहिजे. सेटिंगमध्ये "नेहमी फॉरवर्ड" निवडलं तर तुमचा एकही कॉल तुमच्याकडे येत नाही. सासूबाईंचा, शाळेचा, कर्जाच्या हप्त्यावाल्याचा, सगळे ताईंच्या कानात. "उचलला नाही तर फॉरवर्ड" हा वेगळा पर्याय असतो, तो घ्यावा. शिवाय कॉल जातात तसे व्हॉट्सॲप आणि एसएमएस जात नाहीत, ते तुमच्याच खिशात वाजत राहतात. चालकांची अर्धी दुनिया व्हॉट्सॲपवर चालते, तेव्हा "फोन फॉरवर्ड केलाय, आता काळजी नाही" हा समज खोटा. परत आल्यावर फॉरवर्ड बंद करणं हे तर पहिलं काम. रात्री नऊला ताईंच्या मोबाइलवर तुमचा ट्रान्सपोर्टवाला बोलायला लागला, की दिवसभराच्या नीटनेटकेपणावर पाणी.

विचारताना मी जे बोलले ते इथे जसंच्या तसं देते, कारण लोकांना यातच कोरडेपणा वाटतो: "ताई, तीन-दहा ते सव्वाचार शाळेत जाऊन येते. सरांना सांगितलंय. चाकणच्या गाडीचं पाकीट तुमच्याकडे ठेवू का? प्रिंटवर गाडीचा नंबर दिसला की द्यायचं. फोन आला तर नाव आणि काम लिहून घ्या, सव्वाचारनंतर फोन करते म्हणून सांगा. रेट आणि माल कधी निघेल हे कुणालाच सांगायचं नाही, कितीही मागे लागले तरी. तुम्हाला जमत नसेल तर मी स्टोअरमधल्या दादांना विचारते."

शेवटचं वाक्य शोभेचं नव्हतं. दादांना मी खरंच विचारलं असतं, आणि ताईंना ते ठाऊक होतं. समोरच्याला "नाही" म्हणायला जागा असेल तरच त्याचं "हो" हलकं असतं. म्हणून निघायच्या पाच मिनिटं आधी, बॅग खांद्यावर टाकून विचारू नये. जेवणाच्या आधी विचारावं. आणि सगळ्यांच्या देखत, साहेबांसमोर तर मुळीच विचारू नये, तिथे कोण नाही म्हणणार?

"सरांना सांगितलंय" हे तीन सेकंदांचं वाक्य, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सरांना न सांगता गेलात, आणि सरांनी येऊन विचारलं "या कुठे गेल्या?", तर शेजारच्याला एकतर खोटं बोलावं लागतं नाहीतर चहाडी करावी लागते. "आत्ताच इथे होत्या, वॉशरूमला असतील." असं एक वाक्य तुमच्यासाठी बोललेला माणूस ते वर्षानुवर्षं विसरत नाही. फोन उचलण्याची परतफेड होते, खोट्याची कशी करणार?

आता परतफेडीचं. आपल्याकडे याबाबतीत हात फार सैल आहे. तासभर फोन बघितला म्हणून रविवारी मिसळ खायला घेऊन जायचं, वर जिलेबी. हे मला अजिबात आवडत नाही. मिसळ खायची तर खुशाल खावी, नाशकात त्याला निमित्त कशाला लागतं? पण तासाच्या बदल्यात दिलेली मेजवानी समोरच्याला उलटं ओझं होते. मग त्या पुढच्या महिन्यात तुमच्या मुलाला काहीतरी घेऊन येतात, मग तुम्ही परत काहीतरी, आणि एका पाकिटाचा हिशोब दिवाळीपर्यंत चालतो. तासाची फेड तासाने व्हावी, तीही आठवड्याच्या आत, आणि मागच्या गोष्टीचा उल्लेख न करता. ताई गुरुवारी स्टॉक मोजायला खाली जाणार होत्या, मी आदल्या दिवशी म्हटलं, "तुमचा एक्स्टेंशन उद्या माझ्याकडे घेते, तुम्ही निवांत मोजा." त्यांनी मान हलवली. त्यात कुणी कुणावर उपकार केल्याची भावना नव्हती.

परत आल्यावरची पाच मिनिटंही लोक खातात. आल्याबरोबर पाकीट गेलं का, कुणाचे फोन आले, एवढं उभ्या उभ्या विचारावं, चिठ्ठी ताब्यात घ्यावी आणि ताईंना मोकळं करावं. ड्रायव्हरला थांबवून ठेवलं असेल तर "अहो, देऊन टाकायचं होतं" म्हणू नये. त्यांनी सांगितलं तसं केलं. आणि सव्वाचार म्हटलं तर सव्वाचार. वाटेत अडकलात, तर चार वाजताच कळवावं, साडेचारला नाही. ताईंनी तुमच्या वेळेवर स्वतःचं काहीतरी लावून ठेवलेलं असतं.

कुणाला विचारू नये, हेही सांगते. अकाउंट्सवाल्यांना ११ आणि २० तारखेच्या आसपास विचारू नये, जीएसटीच्या रिटर्नमध्ये ते मान वर करत नाहीत. आणि अप्रेंटिस पोरांना तर नाहीच. त्यांच्यापुढे तुम्ही विनंतीच्या सुरात बोललात तरी त्यांना तो हुकूमच असतो, पक्कं व्हायची आशा लागलेली असते. त्या पोराला बसवायचंच असेल तर त्याच्या सुपरवायझरला सांगून बसवावं, म्हणजे ते काम म्हणून मोजलं जातं.

शेवटची एक गोष्ट, कारण यावर आमच्याकडे भांडण झालंय. आमच्यातल्या एका सहकाऱ्याला वडिलांच्या फिजिओथेरपीसाठी दर बुधवारी तासभर जावं लागतं. पहिले काही बुधवार सगळ्यांनी आळीपाळीने फोन घेतले, मग कुरबूर सुरू झाली, आणि दोष त्याच्या स्वभावाला दिला गेला. माझ्या मते दर आठवड्याला लागणारा तास ही मदत राहत नाही, ती ड्युटीची मांडणी आहे, आणि ती सहकाऱ्यांकडे मागायचीच नसते. शेवटी त्याने सरांकडे जाऊन बुधवारी अर्धा तास आधी यायचं आणि अर्धा तास उशिरा निघायचं असं लिहून घेतलं. त्या तासात त्याचा एक्स्टेंशन स्टोअरकडे वळतो, आणि स्टोअरच्या दादांच्या कामाच्या यादीत तसं नमूद आहे. आता बुधवारी कुणी कुणाला काही विचारत नाही.