तुटलेला टॅप म्हणजे तुटलेला बोल्ट नव्हे

काल संध्याकाळी वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याच्या माणसाने पंपाचे बिडाचे कव्हर माझ्या टेबलावर आदळले आणि तो म्हणाला, "काका, पांच मिनिटनुं काम छे." आटे पाडायचा आठ मिलिमीटरचा टॅप आरपार नसलेल्या छिद्रात तुटून कडेपासून तीनेक मिलिमीटर आत अडकला होता. टॅप तुटला याचा मला राग नाही, कारण टॅप तुटतातच. तुटल्यानंतर त्याच्यावर जे अत्याचार झाले, त्यांचा राग आहे.

आधी त्यावर ड्रिल चालवले होते. टॅप हा कडक केलेल्या हायस्पीड स्टीलचा असतो आणि ड्रिलही त्याच जातीचे असते, हे ज्याच्या हातात रोज दोन्ही असतात त्याला कळू नये? ड्रिलचे टोक जळले, ते टॅपवरून घसरून बाजूच्या मऊ बिडात शिरले आणि एका बाजूचे आटे खाऊन बसले. मग कोणीतरी जाड पंच मधोमध ठेवून सरळ खाली घण घातले. त्याने टॅप सुटत नाही, उलट आट्यांत आणखी पक्का बसतो. त्याच्या चार खाचांमध्ये अडकलेला चुरा दाबून दगडासारखा घट्ट होतो आणि खाचांची तोंडेही चिरडली जातात. म्हणजे जिथे एक्स्ट्रॅक्टरची बोटे जायची, नेमकी तीच जागा या लोकांनी बंद करून आणली होती.

टॅप एक्स्ट्रॅक्टर आणि बोल्ट काढायचा उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मी किती जणांना सांगू? बोल्टच्या एक्स्ट्रॅक्टरसाठी मध्ये छिद्र पाडावे लागते, आणि टॅपमध्ये ते पडत नाही. टॅपच्या एक्स्ट्रॅक्टरला बारीक पोलादी बोटे असतात, जितक्या खाचा तितकी बोटे. ती खाचांत जातील तितकी खोल सरकवायची, मधला दांडा तुटलेल्या टॅपवर टेकवायचा आणि बाहेरचे कडे जॉबला लागेपर्यंत खाली आणायचे, म्हणजे बोटे उघडी राहून पिळली जात नाहीत. मग थोडे पुढे, थोडे मागे, असे हलवत राहायचे. टॅप हलण्याआधीच बोटे वळू लागली, तर तिथेच थांबायचे. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या शेडमधल्या एकाने माझा एक्स्ट्रॅक्टर मागून नेला, त्याला लांब पाना लावला आणि चारही बोटे पिळून परत आणून दिला, वर "माल हलका आहे" असेही सुनावले.

या कव्हरात बोटे जाण्याचा प्रश्नच नव्हता. टोकदार सुईने खाचांतला चुरा उकरत, चुंबकाने आणि हवेच्या फवाऱ्याने तो काढत समोरासमोरच्या दोन खाचा मोकळ्या केल्या आणि पातळ तेल सोडून ते मुरू दिले. मग चष्मा लावून, निमुळता पंच खाचेच्या भिंतीला तिरपा टेकवून उलट्या दिशेने हलके ठोके दिले, एकदा या खाचेत, एकदा समोरच्या खाचेत, आणि मधूनमधून सुलट्या दिशेनेही, कारण चुरा सैल झाल्याशिवाय टॅप फिरत नाही. ठोक्याचा आवाज बद्द येतो तोवर टॅप आवळलेला असतो. तो बदलला आणि तेलाची कड थरथरली, तेव्हा मला कळले की सुटतो आहे. जोर केला असता तर टॅपचे तुकडे उडाले असते, कारण तो वाकत नाही, फुटतो.

टॅप तुटला कशामुळे, तेही त्याच कव्हरावर लिहिलेले होते. शेजारच्या छिद्रांत अजून आटे पाडलेले नव्हते; त्यांत ६.५ चे ड्रिल सहज गेले, ६.८ चे गेले नाही. आठच्या टॅपला, सव्वा मिलिमीटर पिचसाठी, ६.८ चे छिद्र हवे. "आटे भक्कम येतात" म्हणून छिद्र लहान ठेवायची ही खोड जुनी आहे, आणि तिने आटे भक्कम होत नाहीत, फक्त टॅपवरचा ताण वाढतो.

यावर त्या माणसाने मला तुरटीच्या गरम पाण्याचा उपाय सुचवला. तो अॅल्युमिनियमच्या जॉबसाठी आहे. तिथे लोखंडी टॅप विरघळतो आणि जॉब टिकतो. बिडाचे कव्हर तुरटीत बुडवले, तर टॅपबरोबर तेही खाल्ले जाईल.

टॅप निघाला. पण ड्रिलने खाल्लेल्या आट्यांमुळे त्या छिद्राला आता हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावी लागणार आहे, आणि तिचे पैसे वेगळे का, असे मला विचारले गेले. ते मी बिलात स्वतंत्र ओळीत लिहिले आहेत आणि त्यांतला एक रुपयाही कमी करणार नाही.