'डोळे झाकून आयफोन' हा सल्ला का पटत नाही

"पहिलाच स्मार्टफोन घेताय? डोळे झाकून आयफोन घ्या. अँड्रॉइडचे अपडेट दोन वर्षांत बंद होतात, अ‍ॅप्सचा खर्च दोन्हीकडे सारखाच असतो, आणि नाही जमलं तर पुढचा फोन बदलता येतोच."

अपडेट किती वर्षं मिळणार हे त्या मॉडेलची कंपनी ठरवते. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात-सात वर्षांची हमी दिली. काही स्वस्त मॉडेल्सची मुदत मात्र खरंच तोकडी असते. आयफोनचा लौकिक खरा आहे, पण त्यालाही शेवट आहे: २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं iOS 18 मिळालं, २०२५ चं iOS 26 मिळालं नाही.

खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. ही मुदत साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. समजा, एखाद्या मॉडेलला चार वर्षांची हमी आहे आणि सवलत मिळाली म्हणून तुम्ही तो बाजारात आल्यानंतर अडीच वर्षांनी घेतला. तुमच्या वाट्याला उरलं दीडच वर्ष. सवलतीतल्या जुन्या आयफोनलाही हाच हिशेब लागू होतो. म्हणून किंमत बघण्याआधी मॉडेल कधी आलं ते बघा.

अ‍ॅप्सबाबत एवढंच, की फुकटची अ‍ॅप्स बहुतेक दोन्हीकडे मिळतात. पण आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतलेली वर्गणी काही वेळा कंपनीच्या वेबसाइटपेक्षा महाग पडते, कारण त्यातून अ‍ॅपलचं कमिशन जातं. यूट्यूब प्रीमियम हे त्याचं ठळक उदाहरण. शक्य असेल तिथे वर्गणी वेबसाइटवरूनच घ्या. ती खात्याला जोडलेली असते आणि फोन बदलला तरी चालते. प्ले स्टोअरवर एकदाच पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप मात्र आयफोनवर सहसा पुन्हा विकत घ्यावं लागतं, आणि उलट दिशेनेही तसंच.

"बदलता येतोच" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. अ‍ॅपल वॉच अँड्रॉइडशी जोडता येत नाही, म्हणजे फोन सोडला की घड्याळही सोडावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आयफोनवर आयक्लाउडमध्ये जातो आणि अँड्रॉइडवर गूगल खात्यात, त्यामुळे एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नाही. चॅट्स नेता येतात, पण दोन्ही फोन हाताशी असताना आणि नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच ते काम उरकलेलं बरं. आयफोनकडे जाताना 'मूव्ह टू आयओएस' अ‍ॅप वापरतात, अँड्रॉइडकडे येताना बहुधा केबल लागते. अनेकजण आधी जुना फोन रिसेट करून विकतात आणि मग वर्षानुवर्षांचे संदेश शोधत बसतात. नव्या फोनवर जुन्या चॅट्स उघडून बघेपर्यंत जुना फोन पुसू नका. आयफोन सोडत असाल तर त्याआधी आयमेसेज बंद करा, नाहीतर इतर आयफोनवाल्यांचे काही मेसेज तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत.