गटार मागितली, निघाली तोटी

ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा, म्हणजे जीपीडीपी, आपल्याकडचं 'आमचं गाव आमचा विकास', हा कसा तयार होतो ते सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षीची फाईल उघडायची, साल बदलायचं, दोन पेव्हर ब्लॉक वाढवायचे, एक हायमास्ट टाकायचा, झाला आराखडा. त्यावर रडण्यात काही अर्थ नाही. मला वेगळंच बोलायचंय. जिथं लोक खरंच मनापासून आराखडा करतात तिथंसुद्धा एक गोष्ट हमखास चुकते, ती म्हणजे गरज लिहायच्या जागी काम लिहिलं जातं. 'बंदिस्त गटार' ही गरज नाहीये हो, ते काम आहे. गरज काय आहे ते कुणी विचारतच नाही, आणि एकदा कामाचं नाव कागदावर आलं की पुढं अभिसरण, म्हणजे वेगवेगळ्या योजनांचा पैसा एकत्र जुळवणं, वगैरे सगळं तोंडाच्या वाफा, कारण मग त्या एका कामाला एकच हेड शोधायचं आणि तेवढा पैसा त्या हेडला नसतो.

आमच्याच गावचं सांगतो. मी सदस्य आहे, मराठवाड्यातलं गाव, लोकसंख्या दोन हजाराच्या आसपास. 2023-24 च्या आराखड्याची वॉर्डसभा होती. खालच्या गल्लीतून एकच मागणी, बंदिस्त गटार करा, तीनशे मीटर. मीटरला 4600 धरून अंदाज निघाला जवळपास 14 लाख. तेव्हा आमच्या गावाला 15व्या वित्त आयोगाचे वर्षाला साधारण 11 लाख यायचे. त्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे 6 लाख 60 हजार, त्यातले निम्मे पिण्याच्या पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला. राहिले अबंधित 4 लाख 40 हजार. म्हणजे स्वच्छतेच्या हेडला 3 लाख 30 हजार, आणि मागणी 14 लाखांची. असं झालं की बहुतेक ठिकाणी काय होतं, तर आराखड्यात 14 लाख लिहून टाकतात आणि 'निधीचा स्रोत' या रकान्यात 'अभिसरण' असा शब्द लिहितात. संपला विषय. पुढच्या वर्षी परत तेच काम, त्याच रकमेनं.

दोन दिवसांनी महिला सभा झाली. हजेरी बेताचीच, उमेदच्या बचत गटातल्या बायका जास्त. तिथं गटारीचा विषय निघाल्यावर एक मावशी म्हणाल्या, "गटार नंतर बांधा, आधी वरच्या आळीच्या तोट्या बसवा." आम्हाला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं की पाणी सुटलं की वरची आळी भरभरून वाहती, भांडं भरलं तरी नळ चालूच, बंद करायला तोटीच नाही, आणि खालच्या घरात तवर बादली भरत नाही. वरून वाया गेलेलं पाणी मात्र यांच्याच दारात येऊन साचतं.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडायच्या टायमाला गावफेरी काढली. हे मुद्दाम लिहितोय, कारण गावफेरी सकाळी अकराला काढली जाते, साहेबांच्या सोयीनं, आणि अकराला गल्ली कोरडी असते. सांडपाणी बघायचं असेल तर पाणी सुटतं तेव्हा आणि धुण्याभांड्याच्या वेळेलाच जायला पाहिजे. त्या रस्त्याला वरची-खालची धरून 62 घरं. 41 नळांना तोटीच नव्हती. खालच्या अंगाच्या घरांनी तर प्रेशर मिळत नाही म्हणून नळ जमिनीखाली खड्ड्यात उतरवलेले, पाणी बंद झालं की त्याच खड्ड्यातलं घाण पाणी उलटं पाईपात जायची सोय. म्हणजे गटारीच्या मागणीच्या पोटात पिण्याच्या पाण्याचा प्रश्न बसला होता आणि तो वॉर्डसभेत कुणाच्या तोंडून आला नव्हता. वॉर्डसभेत बोलणारे सगळे पुरुष, पाणी भरणाऱ्या बायका, आता काय बोलायचं.

41 तोट्या फिटिंगसकट दहा हजारात झाल्या असत्या. पाणीपट्टीच्या जमेतून, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या फंडातून. यासाठी कुठली स्कीम लागत नाही, कुणाची मंजुरी लागत नाही. आधी हे करायचं ठरलं, कारण तोटी बसल्याशिवाय गटारीत पाणी किती येणार हे मोजताच येत नाही, आणि वाया जाणाऱ्या पाण्यासाठी गटार डिझाईन करणं म्हणजे फुटक्या माठाखाली मोठी परात ठेवण्यासारखं आहे.

मग उरलेलं पाणी. ज्यांच्या अंगणात जागा आहे तिथं शोषखड्डा, हा सगळ्यात सोपा मार्ग. नांदेडकडं टेंभुर्णीत झाला तो मॅजिक पिट, चार बाय चार बाय चार फुटाचा खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची छोटी टाकी, भोवती खाली मोठे दगड, वर बारीक. पण मॅजिक पिट म्हणजे सगळीकडं चालणारी जादू नाही. आमच्याकडं वरच्या बाजूला मुरूम आहे आणि खाली ओढ्याकडं काळी माती. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. फूटभर खड्डा घ्यायचा, एकदा पाणी भरून जिरू द्यायचं, परत भरायचं आणि बघायचं. मुरमात अर्ध्या तासात पाणी गायब, काळ्या मातीत सकाळी पण तसंच. काळ्या मातीत शोषखड्डा केला की पहिल्या पावसाळ्यातच तो डबकं होतो आणि लोक बुजवून टाकतात, मग रिपोर्टमधे खड्डे पूर्ण आणि गावात डास पूर्ण. 62 पैकी 38 घरांना जागा होती, त्यातली 8 काळ्या मातीतली सोडून दिली. 30 खड्डे. राहिली 32 घरं, त्यांच्यासाठी मात्र गटार लागणारच, पण ती आता तीनशे मीटर नाही, 105 मीटर. आणि गटारीच्या शेवटी ओढ्यात सोडण्याआधी सांडपाणी निवळायला एक स्थिरीकरण तळं.

इथं आला खरा अभिसरणाचा विषय. अडचण एकच, पण तिचे चार तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्याला पैसे देणारी खिडकी वेगळी आहे.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारापर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये आणि घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये धरायचे, त्यातले 70 टक्के मिशन द्यायचं आणि 30 टक्के ग्रामपंचायतीनं वित्त आयोगातून टाकायचे. दोन हजार लोकसंख्येला सांडपाण्याचे होतात 5 लाख 60 हजार, त्यातला आमचा वाटा 1 लाख 68 हजार. घनकचऱ्याचे 1 लाख 20 हजार, त्यात आमचे 36 हजार. दोन्ही मिळून 2 लाख 4 हजार गेले आणि 3 लाख 30 हजारातून 1 लाख 26 हजार उरले. तळं मिशनच्या पैशात धरलं. 105 मीटर गटारीतला 80 मीटरचा तुकडा वस्तीतून जातो, तो समाजकल्याणच्या दलित वस्ती सुधारच्या आराखड्यात घातला. उरलेले 25 मीटर, साधारण 1 लाख 15 हजार, ते त्या उरलेल्या पैशात बसले. अबंधितला हात लागला नाही, ते अंगणवाडी आणि बाकीच्या कामांना मोकळे राहिले. 14 लाखांचं एक काम कधीच झालं नसतं, तुकड्यांना मात्र पैसे दिसले.

राहिले 30 शोषखड्डे, ते रोजगार हमीत. आणि इथंच भल्याभल्यांची गाडी अडते. तेव्हाच्या रोहयोत अकुशल मजुरी 60 टक्के आणि साहित्यासकट कुशल 40 टक्के हे प्रमाण सांभाळावं लागायचं. चार फुटाचा खड्डा खणायला दोन माणसांना एक दिवस, त्या वर्षी मजुरी 273 रुपये, म्हणजे मजुरी जेमतेम साडेपाचशे, बाकी टाकी, दगड, पाईप हे सगळं कुशलमधे. नुसते खड्डे घेतले की प्रमाण बिघडतं आणि फाईल परत येते. म्हणून त्याच्या जोडीला मजुरी खाणारी कामं घ्यावी लागतात. आम्ही ओढ्याकाठची झाडं आणि बांधबंदिस्ती घेतली. हे ग्रामरोजगार सेवकाला पक्कं माहीत असतं, पण आराखड्याच्या मीटिंगला त्याला कुणी बोलवत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. रोहयोचं लेबर बजेट, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मजुरीच्या कामांचा अंदाज, तेव्हा 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेतून सुरू व्हायचं आणि जीपीडीपी बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत घाईघाईनं उरकतात. जानेवारीत 'अभिसरण मनरेगा' लिहिलं तर त्याला अर्थच नसायचा, कारण ते काम तिकडच्या कामांच्या यादीत गेलेलंच नसायचं. आमचं हे सगळं ऑक्टोबरलाच झालं म्हणून जमलं, नाहीतर खड्डे एक वर्ष लांबले असते.

आणि हो, ग्रामसभेचा कोरम. 100 किंवा मतदारांच्या 15 टक्के, जे कमी असेल ते. नाही भरला तर तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण नवा विषय घेता येत नाही. त्यामुळं रोहयोची कामं, वस्तीचा प्रस्ताव, सगळं पहिल्याच नोटिशीच्या विषयपत्रिकेवर पाहिजे. आमच्याकडं एकदा सभा तहकूब झाली होतीच, विषय आधीच घातले होते म्हणून वाचलो.

एक भीती लोकांच्या मनात असते, एका कामाला दोन योजनांचे पैसे घेतले तर ऑडिटला अडकू. बरोबर आहे, एकाच मीटरला दोनदा पैसे घेतले तर अडकणारच, आणि अडकायलाच पाहिजे. पण तुकडे वेगळे, प्रत्येकाचं अंदाजपत्रक वेगळं, मोजमाप पुस्तिका वेगळी असेल आणि नकाशावर कुठून कुठपर्यंत कुठला तुकडा ते लिहिलेलं असेल तर शंका यायचं कारणच राहत नाही. शाखा अभियंत्याकडून तांत्रिक मान्यता घेतानाच हे करून घ्यायचं. नंतर एकाच पुस्तिकेतून तीन बिलं काढायला गेलात तर तुमचं तुम्ही बघा.

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आराखडा अपलोड करताना पण बघा, ऑपरेटरनं चारही तुकडे एकाच ओळीत टाकले असतील तर वित्त आयोगाचं पेमेंट त्या ॲक्टिव्हिटीला जोडताना गोंधळ होतो, कारण तिथं आराखड्यात जे काम आहे त्यालाच पैसे जातात. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची डिजिटल सही व्हायच्या आधी प्रिंट काढून घ्या. बंधित कामावर अबंधितचा शिक्का पडलाय का, रकमा जुळतात का, हे दहा मिनिटांचं काम आहे. आणि दुसऱ्या गावाचा आराखडा हातात आला तर एवढं बघा, एकूण रक्कम येणाऱ्या निधीच्या किती पट आहे, सगळ्या कामांच्या रकमा तीन लाख, पाच लाख अशा गोल आहेत का, आणि ज्याच्यापुढं 'अभिसरण' लिहिलंय ते काम त्या खात्याच्या यादीत सापडतं का. कळून जातं फाईल कुठं बसून बनली ते.

आमच्याकडं काय राहिलं ते पण सांगतो. तोट्या बसल्या, खड्डे झाले, 25 मीटर गटार झाली. वस्तीतला 80 मीटरचा तुकडा तालुका-जिल्हा असा फिरत राहिला आणि तोवर आमचे 25 मीटर अर्धवट लटकलेले, वरचं पाणी येऊन तिथंच साचायचं. आता वाटतं तो तुकडा मंजूर झाल्याशिवाय आपला सुरूच करायला नको, मंजुरीचा क्रम आराखड्यातच लिहून ठेवायला पाहिजे. तळ्याचा गाळ वर्षाला एकदा काढावा लागतो, त्याला स्वच्छताकरातून किती ठेवायचे यावर सध्या मासिक सभेत भांडण चालू आहे.