डोकं ५८, हेल्मेट ५८, मग दुखतंय काय?

सोलापुरात डोकं दुखायला वेगळं कारण लागत नाही, एप्रिल उजाडला की पुरे. त्यामुळे इथं डोकेदुखीची चौकशी व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो. ऊन लागलं, पित्त झालं, चष्म्याचा नंबर वाढला, नाहीतर रिकाम्या पोटी चहा घेतला. या सगळ्यांत एका संशयिताकडे कुणाचं बोट जात नाही, कारण तो रक्षणकर्ता म्हणून डोक्यावरच बसलेला असतो.

शेजारच्या काकांचं उदाहरण घेऊ. काका दर गुरुवारी मोटारसायकलवरून अक्कलकोटला जातात. अंतर साधारण चाळीस किलोमीटर. निघताना डोकं ठणठणीत. वळसंग आलं की कपाळावर पट्टा आवळल्यासारखं दुखणं सुरू होतं, आणि अक्कलकोटच्या वेशीपर्यंत ते अगदी रंगात येतं. काका हेल्मेट काढतात, तोंडावर पाणी मारतात, दर्शनाच्या रांगेत उभे राहतात. अर्ध्या तासात डोकं मोकळं. श्रेय अर्थातच स्वामींना. परतताना पुन्हा वळसंग, पुन्हा दुखणं. त्याचं खापर मात्र दुपारच्या भज्यांवर.

काका पित्ताची गोळी घेऊन झाले, डोळे तपासून झाले, भजी सोडून झाले. (भजी महिनाभरच सुटली, एवढं सांगायला हवं.) वास्तविक त्यांच्या दुखण्याने आपली ओळख स्वतःच सांगितली होती. बाहेरच्या दाबाने होणाऱ्या डोकेदुखीची लक्षणं सरळ आहेत. डोक्यावर काहीतरी आवळून ठेवल्यावर ती तासाभरात सुरू होते, जिथे दाब सगळ्यात जास्त तिथेच सगळ्यात जास्त दुखते आणि दाब काढल्यावर तासाभरात थांबते. शिवाय हे एकदाच नव्हे, पुन्हापुन्हा घडतं. काकांचा प्रत्येक गुरुवार या व्याख्येत चपखल बसतो. म्हणूनच या दुखण्यावर घेतलेली कुठलीही गोळी गुणकारी ठरते. गोळी पोटात विरघळेपर्यंत हेल्मेट काढून अर्धा तास झालेला असतो, आणि गोळीला फुकटचं नाव मिळतं.

दुखतं नेमकं काय, हे बोटाने तपासता येतं. भुवईच्या आतल्या टोकापासून जरा बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवर बोट फिरवा. बऱ्याच जणांना तिथे हाडात एक बारीकशी खाच लागते. कपाळाची संवेदना वाहून नेणारी नस तिथून बाहेर पडते आणि कातडीखालून वर डोक्याकडे जाते. तिच्या एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला पातळ कातडी, आणि त्यावर हेल्मेट. दबायला जागाच नाही. गालाचं तसं नाही, गालाला मांस असतं. कानशिलाजवळून आणि डोक्याच्या मागच्या बाजूनेही अशाच नसा वर चढतात, त्यामुळे दाब जिथला, दुखणंही तिथलंच.

आता काकांचं डोकं मोजू. शिंप्याची टेप घ्यायची, भुवईच्या वर दोन-अडीच सेंटीमीटरवर धरायची, कानांच्या वरून मागे न्यायची आणि मागे जिथे डोकं सगळ्यात फुगीर असेल तिथून फिरवून आणायची. टेप नसेल तर सुतळी आणि पट्टी. दोन-तीनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा धरायचा. काकांचा आकडा आला ५८ सेंटीमीटर. हेल्मेटच्या आतल्या चिठ्ठीवर ५८० मिलिमीटर लिहिलेलं. काका विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ बे, माप बरोबर हाय!"

माप बरोबरच होतं. फक्त काका ते हेल्मेट डोक्यावर घालत नव्हते, टॉवेलवर घालत होते.

सोलापूरचा माणूस उन्हात टॉवेलशिवाय बाहेर पडत नाही, आणि ज्या गावाने अख्ख्या देशाला टॉवेल पुरवले त्याला तो अधिकार आहे. पण हिशेब हिशेबाच्या जागी. डोक्याभोवती एक मिलिमीटर जाडीचं कापड गुंडाळलं की घेर सव्वासहा मिलिमीटरनं वाढतो. हा २π चा हिशेब, शाळेत वर्तुळाच्या धड्यात ज्याचा कंटाळा केला तोच. काकांचा टॉवेल दोन-तीन घड्या घालून, दाबून बसल्यावर तीन मिलिमीटर भरला. तीनला सव्वासहाने गुणा, जवळजवळ एकोणीस मिलिमीटर झाले. हेल्मेटच्या दोन मापांत फरक असतो वीस मिलिमीटरचा. म्हणजे टॉवेल गुंडाळलेल्या काकांचं डोकं ६०० चं झालं होतं आणि ते ५८० मध्ये कोंबलं जात होतं. वर डोक्यामागे मारलेली गाठ. ती गाठ डोकं पुढे ढकलते, आणि सगळा भार कपाळावर येतो.

यावर काकांनी सुचवलेला उपाय म्हणजे एक माप मोठं हेल्मेट घ्यायचं. हा उपाय सुचत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे, आणि तो चुकीचा आहे. कापडावर घट्ट बसणारं हेल्मेट पडताना कापडासकट सरकतं, आणि एखाद्या दिवशी टॉवेल विसरला तर डोक्यावर घागरीसारखं फिरतं. हनुवटीचा पट्टा सैल करूनही काही साधत नाही. कपाळावरचा दाब पट्ट्यामुळे नसतोच. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकी जागा हवी, त्याहून सैल नको.

करायचं ते एवढंच. टॉवेल डोक्यावरून उतरवून खाली आणायचा. नाक, तोंड आणि मान झाकायची आणि गाठ मानेवर, हेल्मेटच्या कडेच्या खाली मारायची. डोक्यावर घाम टिपायला काही हवंच असेल तर बिनगाठीची, पातळ कापडाची हेल्मेट टोपी घालायची, एकपदरी, सुरकुती न पडू देता. बायकांच्या स्टोललाही हाच नियम. डोक्यावर एकच पदर सपाट, बाकीचे वेढे मानेला. आंबाडा आणि प्लॅस्टिकचा क्लचर मात्र हेल्मेटखाली नकोतच. क्लचर मागून टोचतो, हेल्मेट पुढे ढकलतो, आणि पडलात तर तोच डोक्यात घुसायचा. केस खाली, मानेशी बांधावेत.

टॉवेल खाली आला तसं काकांचं कपाळ सुटलं, पण दोन्ही कानशिलं थोडी दुखतच राहिली. तो चष्मा. चष्मा आधी घालून वरून हेल्मेट चढवलं की काड्या कानशिलावर दाबल्या जातात आणि तशाच अडकून बसतात. हेल्मेट आधी घालायचं, मग काच वर करून चष्मा सरळ आत सरकवायचा. काड्या बारीक आणि सरळ असल्या तर उत्तम. कानामागे खोल वळलेल्या काड्या आत जातच नाहीत.

काही डोक्यांचा प्रश्न मात्र टॉवेलने सुटत नाही आणि चष्म्यानेही नाही. घेर तोच, आकार वेगळा. कुणाचं डोकं नाकापासून मागे लांबट असतं, कुणाचं जवळजवळ गोल. लांबट डोकं गोल हेल्मेटात गेलं की कपाळ आणि मागची बाजू दुखते, कानशिलाशी मात्र बोट जाईल एवढी फट राहते. गोल डोकं लांबट हेल्मेटात गेलं की नेमकं उलटं होतं. अशा वेळी माप नाही, मॉडेल बदलायचं. नवं हेल्मेट गालांवर घट्ट बसत असेल तर घाबरू नका. गालाचा फोम काही दिवसांत दबतो. कपाळामागचा थर्माकोल दबत नाही, आणि दबवायचाही नाही. चमच्याने दाबून किंवा ब्लेडने खरवडून तिथे जागा करणारे महाभाग आपल्याकडे आहेत. पडल्यावर धक्का खाऊन चिरडायचं काम त्याच थर्माकोलचं, ते तुम्ही आधीच उरकून ठेवता.

म्हणून दुकानात हेल्मेट घालून आरशात बघून लगेच काढू नका. पंधरा-वीस मिनिटं डोक्यावर राहू द्या. सात रस्त्यावर गर्दीच्या वेळी तेवढा वेळ सिग्नलवरही जातो. दुकानदाराला चहा सांगा, किंमत पाडायलाही वेळ मिळतो. मग काढून कपाळ बघा. सगळीकडे सारखी फिकट लाली असेल आणि लगेच मावळली तर ठीक. एकाच जागी नाण्याएवढा लालभडक डाग असेल तर ते हेल्मेट तुमचं नाही, कितीही सवलत मिळो. पट्टा लावून, मागची कड धरून हेल्मेट पुढे ओढून बघायचं. निघून आलं तर सैल. हलवल्यावर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे.

जुन्या हेल्मेटने अचानक दुखायला लागलं तर आतलं अस्तर बघा. घामाने ते कडक होतं, कुठे गोळा होऊन बसतं. निघणारं असेल तर कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवायचं. आपल्या उन्हात ते सावलीतही चटकन वाळतं.

एक भेद लक्षात ठेवा. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्याला हाच दाब अर्धशिशी उठवू शकतो. मग हेल्मेट काढूनही दुखणं तासन्‌तास राहतं, मळमळतं, उजेड नको होतो. ते काम डॉक्टरांचं. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, किंवा कपाळाला कायमचा बधिरपणा, हे तर लगेच दाखवायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात या दाबाच्या दुखण्याचं आणखी एक गिऱ्हाईक तयार होतं, ते म्हणजे पोहण्याच्या क्लासला जाणारं पोर. गॉगलमध्ये पाणी शिरतं म्हणून वडील पट्टा एक घर ओढतात. तरी शिरतं, म्हणून आणखी एक. तिसऱ्या घरी पोराच्या भुवया दुखायला लागतात, आणि तेच ते खाचेतल्या नसेचं दुखणं. पट्ट्याचं काम गॉगल जागेवर ठेवणं. पाणी अडवतो तो काचेभोवतीचा रबर. पट्टा न लावता गॉगल कोरड्या डोळ्यांवर हलकेच दाबून सोडायचा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर त्याचा साचा चेहऱ्याला बसतो. लगेच पडला तर आधी रबराखाली केस किंवा टोपीची कड अडकलीय का बघा, मग नाकावरचा जोड लहान-मोठा करून बघा, आणि तरीही नाहीच तर दुसरा साचा घ्या. पट्ट्याचे दोन पदर मागे एकावर एक न ठेवता थोडे वर-खाली फाकवले की दाबही विभागतो. दुकानदार पाकीट फोडून लावून बघू देत नसेल, तर सरळ पुढच्या दुकानात जा. चिकटतो की नाही हे पाकिटावरच्या हसऱ्या पोराकडे बघून कळत नाही.